बँकेने माफ केलं, पण प्रश्न संपला नव्हता: एका फाउंड्रीच्या ऑडिटचा अनुभव

२०२२-२३ चं ऑडिट. कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीतली एक फाउंड्री, ट्रॅक्टर आणि पंपांसाठी कास्टिंग करणारी. वर्षाची विक्री ६४ कोटी. दोन वर्षांपूर्वी नवीन मोल्डिंग लाइन टाकली होती, तिच्यासाठी घेतलेलं मुदत कर्ज ३१ मार्च २०२३ ला १७ कोटी शिल्लक होतं. शिवाय १० कोटींची कॅश क्रेडिट मर्यादा, ती बहुतेक वेळा काठोकाठ भरलेली.

मंजुरीपत्रात अट होती की डीएससीआर १.२५ च्या खाली जाता कामा नये. म्हणजे कर्जाच्या हप्त्या-व्याजासाठी एक रुपया द्यायचा असेल, तर त्यासाठी कमाई सव्वा रुपया हवी. वर्षाचे हप्ते ३ कोटी, व्याज १.७ कोटी, एकूण ४.७. हाताशी आलेली कमाई ४.४. गुणोत्तर ०.९४. हप्ता एकही चुकला नव्हता, त्यामुळे बँकेच्या लेखी खातं नियमित होतं. पण अट मोडली होती, आणि अट मोडली तर संपूर्ण कर्ज परत मागायचा हक्क बँकेला होता. मुदत कर्ज आणि कॅश क्रेडिट एकाच बँकेचं. एक मागितलं की दुसरंही गेलंच.

मालकांनी जुलैत मला दोन कागद दिले. एक, मार्च २०२४ पर्यंतचा कॅश फ्लो अंदाज. दुसरा, शाखेतून आलेला ईमेल: सूट देण्याचा प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवला आहे. "मॅडम, मॅनेजर साहेबांशी बोलणं झालंय, होऊन जाईल," ते म्हणाले. त्यांचा त्यावर मनापासून विश्वास होता. पण शाखेने प्रस्ताव पाठवणं म्हणजे सूट मिळणं नव्हे. जिथून कर्ज मंजूर झालं, तिथल्या अधिकाऱ्याचं पत्र हवं, असं मी सांगितलं आणि अंदाज उघडला.

पहिली गोष्ट खटकली ती विक्रीवाढीच्या सेलमध्ये. तिथे २४.६३ टक्के असा आकडा हाताने टाकलेला होता. अंदाज बांधणारा माणूस २० लिहितो, २५ लिहितो. २४.६३ कोणी लिहीत नाही. त्या वाढीने विक्री ८० कोटींच्या आसपास जात होती, आणि सप्टेंबर २०२३ च्या पुढच्या चाचणीला डीएससीआर बरोबर १.२७ येत होता, अटीपेक्षा जेमतेम वर. मी अकाउंट्सच्या माणसाला शांतपणे विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "बँकेला १.२५ च्या वर दाखवायचं होतं म्हणून गोल सीक लावलं." म्हणजे विक्रीवरून गुणोत्तर काढलं नव्हतं, गुणोत्तरावरून विक्री काढली होती. त्यात लबाडी होती असं मला वाटलं नाही. बँकेने एक आकडा मागितला आणि त्यांनी तो जुळवून दिला. पण असा तक्ता कंपनी पुढचं वर्षभर चालेल की नाही याचा पुरावा होऊ शकत नाही.

मग मी त्यांचे मागचे अंदाज मागवले. २०२१-२२ साठी ६२ कोटी म्हटलं होतं, झाले ५४. २०२२-२३ साठी ७६ म्हटलं होतं, झाले ६४. दोन्ही वर्षी अंदाजापेक्षा कमी, आणि दुसऱ्या वर्षी फरक जास्त. व्यवस्थापनाच्या अंदाजावर किती भरवसा ठेवायचा याला माझ्या मते इतकं सरळ दुसरं मोजमाप नाही. कंपनी पुढे चालू राहील का हे कसं तपासायचं ते सांगणाऱ्या एसए ५७० या ऑडिटच्या मानकात अंदाजामागची आकडेवारी विश्वासार्ह आहे का आणि गृहीतकांना आधार आहे का हे तपासायला सांगितलंय, आणि या कामाची सुरुवात मी नेहमी जुन्या अंदाजांपासूनच करते. पाठोपाठ ग्राहकांची शेड्युल्स घेतली. मोठ्या तीन ग्राहकांनी दिलेली मागणी आणि बाकीच्यांचा मागच्या वर्षीचा वेग धरून ७० कोटींच्या पुढे काही जाईना. एप्रिल ते जुलैचे प्रत्यक्ष आकडेही त्याच बाजूला झुकत होते.

पण विक्रीपेक्षा जास्त दुखत होतं ते उधारीत. अंदाजात ग्राहक ६० दिवसांत पैसे देतील असं धरलं होतं. खातेवहीतून मी काढले तर ८४ दिवस लागत होते. कागदावर चोवीस दिवसांचा फरक फार वाटत नाही. ८० कोटींच्या विक्रीवर एका दिवसाची उधारी म्हणजे जीएसटी न धरताही जवळपास २२ लाख, आणि २४ दिवस म्हणजे सव्वापाच कोटी. कॅश क्रेडिटमध्ये कशीबशी ऐंशी लाखांची जागा असलेल्या कंपनीच्या तक्त्यात या एका सेलने सव्वापाच कोटी आणून ठेवले होते. उधारी कमी कशी होणार, असं विचारल्यावर "ग्राहकांशी बोलणं चालू आहे" एवढंच उत्तर मिळालं. नव्या अटींची एकही पर्चेस ऑर्डर नव्हती.

उधारी दुसऱ्या बाजूनेही चावत होती, आणि ती बाजू तक्त्यात अजिबात नव्हती. बँक कॅश क्रेडिट देते ती ड्रॉइंग पॉवरवर, म्हणजे माल आणि येणी यांवरून ठरणाऱ्या उचलीच्या मर्यादेवर, आणि या बँकेच्या अटींनुसार ९० दिवसांपुढची येणी ड्रॉइंग पॉवरमध्ये धरली जात नव्हती. म्हणजे ग्राहक उशिरा देऊ लागला की पैसे तर येत नाहीतच, शिवाय बँकेतून उचलायची जागाही आकसते. तक्त्यात मात्र वर्षभर पूर्ण १० कोटी वापरता येतील असं धरलेलं.

मजुरीची ओळही बारा महिने सरळ होती. त्या वर्षी दिवाळी १२ नोव्हेंबरला होती, बोनस ऑक्टोबरअखेर द्यावा लागणार होता. मी बोट ठेवल्यावर अकाउंटंट काकांनी तो लगेच टाकला.

ही सगळी दुरुस्ती आम्ही महिनावार केली. विक्री ७०, उधारी ८४ दिवस, कमी झालेल्या १० कोटी विक्रीवरचा सुमारे १८ टक्के मार्जिन वजा. मूळ तक्त्यात सर्वांत वाईट महिन्यातही १.१ कोटी शिल्लक राहत होते. दुरुस्त तक्त्यात शिल्लक सप्टेंबरमध्येच उणे झाली आणि जानेवारीत तूट पावणेतीन कोटींच्या घरात गेली. सप्टेंबरच्या चाचणीचा डीएससीआर १.०७. म्हणजे पुढचा भंग समोर दिसत होता.

१८ ऑगस्टला बँकेचं पत्र आलं, या वेळी मंजुरी देणाऱ्या कार्यालयाचं. मालक पेढे घेऊन आले. मी पत्र दोनदा वाचलं. ३१ मार्च २०२३ चा भंग माफ केला होता, आणि या भंगापोटी कर्ज मागणार नाही असं स्पष्ट लिहिलं होतं. खाली तिसऱ्या परिच्छेदात मात्र दोन ओळी होत्या: पुढची चाचणी ३० सप्टेंबर २०२३ ला, त्याच १.२५ वर, आणि प्रवर्तकांनी ३१ ऑक्टोबरपर्यंत २ कोटी आणावेत.

इथे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात, आणि बहुतेकांची गफलत इथेच होते. पहिला, ताळेबंदात कर्ज कुठे दाखवायचं. ही कंपनी जुन्या लेखा मानकांवर होती. बँकेने कर्ज परत मागितलं नव्हतं आणि लेखे मंजूर होण्याआधी लेखी माफीही दिली होती. त्यामुळे पुढच्या वर्षीचे ३ कोटी हप्ते चालू आणि उरलेले १४ कोटी दीर्घ मुदतीत, हे मला मान्य झालं. दुसरा प्रश्न, कंपनी पुढचे बारा महिने देणी भागवू शकेल का. याला पत्राने उत्तर दिलंच नव्हतं. माफी गेल्या मार्चची होती, आणि पुढची परीक्षा सहा आठवड्यांवर. शिवाय तक्ता मार्चपर्यंतच होता. मानकाच्या किमान बारा महिन्यांत तो बसत होता, पण मार्च २०२४ चीही चाचणी असणार आणि तिचा निकाल त्यानंतर लागणार, म्हणून मी तो सप्टेंबर २०२४ पर्यंत वाढवायला लावला.

उरले प्रवर्तकांचे दोन कोटी. मालकांनी सांगितलं, गावाकडची जमीन विकतोय, साठेखत झालंय. साठेखत साध्या स्टॅम्पवर होतं, नोंदणी झालेली नव्हती. मी ऑफिसमध्ये बसूनच त्या गटाचा सातबारा काढला. इतर हक्कांच्या रकान्यात दुसऱ्या बँकेचा बोजा होता, त्यांच्या भावाच्या व्यवसायासाठी चढवलेला. तो उतरवल्याशिवाय जमीन विकून पैसे हातात येणार नव्हते. मालकांना हे खरोखर लक्षात नव्हतं. सातबारा टेबलावर ठेवला तेव्हा ते बराच वेळ त्या रकान्याकडे बघत बसले. आधाराचं पत्र लिहून देणारा माणूस कितीही प्रामाणिक असो, त्याच्याकडे ते पैसे आहेत का हे वेगळं पाहावंच लागतं.

मग अवघड बोलणं झालं. "मॅडम, तुम्ही रिपोर्टात तसं लिहिलंत तर बँक उद्याच हात आखडता घेईल. तुमच्या लिहिण्यानेच कंपनी बुडेल." दोनशे माणसांचे पगार त्यांच्या डोळ्यांसमोर होते आणि माझ्याही. मी त्यांना सांगितलं की बँकेकडे आपल्यापेक्षा जास्त आकडे आहेत. स्टॉक स्टेटमेंट दर महिन्याला तिच्याकडे जातं. ज्यांच्याकडे ते नाहीत त्या भंगार आणि पिग आयर्न देणाऱ्यांना, छोट्या ठेवीदार नातेवाइकांना हे कळायला हवं. आणि तुम्ही नीट खुलासा केलात तर माझं मत बदलणार नाही, फक्त एक वेगळा परिच्छेद येईल.

कंपनीने लेख्यांना जोडायच्या टिपणाच्या पहिल्या मसुद्यात एवढंच होतं: व्यवस्थापनाला परिस्थिती सुधारण्याचा विश्वास आहे. तेवढ्यावर सही केली असती तर मला मत सशर्त करावं लागलं असतं. शेवटच्या मसुद्यात भंग, माफीची तारीख, ३० सप्टेंबरची चाचणी, दोन कोटींची अट, आणि यामुळे कंपनी चालू राहण्याबद्दल ठळक अनिश्चितता आहे हे वाक्य, सगळं आलं. माझ्या अहवालात मत स्वच्छ, त्याखाली "गोइंग कन्सर्नशी संबंधित ठळक अनिश्चितता" हा स्वतंत्र भाग, आणि परिशिष्टात कॅरोच्या, म्हणजे कंपनी ऑडिट अहवाल आदेशाच्या, देणी भागवण्याबद्दलच्या एकोणिसाव्या कलमाचं उत्तरही त्याच्याशी जुळणारं. हे जुळवणं विसरायचं नाही. एका पानावर अनिश्चितता आणि परिशिष्टात "अशी कोणतीही अनिश्चितता नाही" असे अहवाल मी पाहिले आहेत.

५ सप्टेंबरला सही झाली. बँकेने खातं बंद केलं नाही. तिने दुरुस्त तक्ता मागवून घेतला. ऑक्टोबरच्या मध्यावर मालकांचा फोन आला. सप्टेंबरचा डीएससीआर १.०८ आला होता, आणि जुनी मोल्डिंग लाइन विकायला काढली होती. जमिनीचं सोडून दिलं होतं. "या वेळी लाइन घेणाऱ्याचा ॲडव्हान्स खात्यात आल्यावरच तक्त्यात धरलाय," ते म्हणाले आणि बँक स्टेटमेंट व्हॉट्सॲपवर पाठवून दिलं.