दोन पानांसाठी एकोणीस दिवस

आमच्या कंपनीचा लातूरला तूरडाळ मिल टाकायचा विचार होता. त्याचा 146 पानांचा फिजिबिलिटी रिपोर्ट मी चार महिन्यांत लिहिला, आणि तो कुणी अडवला नाही. अडली ती पुढची दोन पानांची एक्झिक्युटिव्ह समरी. एकोणीस दिवस! संचालक मंडळ एवढंच वाचतं, अख्खा रिपोर्ट उघडत नाही, हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पहिला मसुदा मी प्रकरणांच्या क्रमाने लिहिला. प्रस्तावना, तुरीची बाजारपेठ, मशिनरी, खर्च, आणि शेवटच्या ओळीत 'प्रकल्प व्यवहार्य आहे'. संभाजीनगरच्या हेड ऑफिसातून साहेबांचा फोन आला, "अहो, समरी लिहायलात का प्रवासवर्णन?" राग आला, पण चूक माझीच होती. निर्णय घेणाऱ्याला पहिल्या परिच्छेदातच कळायला हवं की करायचं का नाही, किती पैसे लागतील आणि आपल्याकडून काय मंजुरी हवी.

दुसऱ्या मसुद्यात शिफारस वर आणली. तोही परत आला, आणि खरा घोळ तिथेच होता. मी लिहिलं होतं, 'प्रकल्प खर्च 14 कोटी.' आकडा बरोबर होता. जागा, इमारत, मशिनरी सगळं धरून. साहेबांनी शेजारी पेन्सिलीने लिहिलं, 'जास्तीत जास्त किती पैसे अडकतील?'

उत्तर पान 88 वरच्या तक्त्यात होतं. मिल रोज 50 टन तूर घेणार, वर्षाला 250 दिवस, म्हणजे 12,500 टन. पण मोंढ्यात तुरीची मोठी आवक जानेवारी ते मार्चमध्येच. नंतर मिल रिकामी राहू नये म्हणून हंगामातच 75 दिवसांचा माल भरून ठेवायचा, तो 3,750 टन झाला. क्विंटलला 7,500 रुपये धरले तर 28 कोटींच्या वर. म्हणजे मिलपेक्षा दुप्पट पैसा गोदामात पडून राहणार! आणि वाचणारा 14 कोटी डोक्यात घेऊन उठणार.

रिपोर्टमध्ये हे लपलेलं नव्हतं. प्रकल्प खर्च एका प्रकरणात, खेळतं भांडवल दुसऱ्यात, व्यवहार्यतेचा निष्कर्ष तिसऱ्यात. सगळं वाचणाऱ्याला जोड लागतो. नुसती समरी वाचणाऱ्याला लागत नाही, म्हणून तिथे अट आणि निष्कर्ष एकाच वाक्यात लागतात. शेवटी मी लिहिलं: 'मिलचे 14 कोटी आणि हंगामी साठ्याचे 28 कोटी, अशी एकूण 42 कोटींची सोय आधी होणार असेल तरच प्रकल्प हाती घ्यावा; साठ्यासाठी बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा नक्की झाल्याशिवाय मशिनरीची ऑर्डर देऊ नये.' त्याखाली एकच धोका: भाव क्विंटलला हजाराने वाढला तर तेवढ्याच मालाला पावणेचार कोटी जास्त लागतील. बाकीचे अकरा धोके रिपोर्टमध्येच राहिले. साहेबांना हे वाक्य आवडायला मला आठ दिवस घालवावे लागले, ही वेगळी गोष्ट.

मधल्या मसुद्यात 'तपशील प्रकरण 6 मध्ये' असं तीनदा होतं. ते काढा. गाडीत मोबाईलवर वाचणाऱ्याकडे प्रकरण 6 नसतं. 'डीएससीआर' लिहून सोडू नका. 'कर्जाचा हप्ता आणि व्याज भरण्याइतकी कमाई होते का' असं लिहा, मग आकडा द्या.

हे आधीच सांगायला हवं होतं: समरी सर्वांत शेवटी लिहा. मी घाईने आधी लिहिली, मग मशिनरीचं नवीन कोटेशन आलं, रिपोर्टमध्ये आकडा बदलला आणि समरीत जुनाच राहिला. आता प्रत्येक आकड्याशेजारी पेन्सिलीने रिपोर्टचं पान लिहून ताडतो. त्यात जीएसटी धरलाय का नाही, भाव कुठल्या तारखेचा, हेही. मग रिपोर्ट न पाहिलेल्या आमच्या कॅशियरकाकांना दोन पानं वाचायला देतो आणि विचारतो, "काका, किती पैसे मागायलोय आपण?" पहिल्या वेळी ते 14 म्हणाले होते. शेवटच्या मसुद्याला 42 म्हणाले, आणि वर विचारलं, "बँक देईल का एवढे?"

बैठकीत संचालकांनी पहिल्या पानावर बोट ठेवून तेच विचारलं. आता मी बँकेच्या पत्रासाठी हेलपाटे मारायलोय.