पाकीट १२० चं ११२ झालं, सुट्टा मात्र तिथेच: आमच्या दुकानातला अनुभव

आमचं सांगलीत फरसाणचं छोटं दुकान आहे, मागे भट्टी, पुढे काउंटर. २०२५ च्या सप्टेंबरात, ३ तारखेला जीएसटी कौन्सिलचा निर्णय आला की पाकीटबंद नमकीनवर १२ ऐवजी ५ टक्के, आणि लागू होणार २२ तारखेपासून. नेमकी घटस्थापना. म्हणजे आदल्या दिवशी सर्वपित्री अमावस्येला आम्ही दुकान बंद करून जमिनीवर बसून स्टिकर लावत होतो.

पहिला घोळ हिशोबात. सगळे म्हणत होते सात टक्के कमी झालं, मीही आधी तेच धरलं. पण आमची किंमत टॅक्स धरून छापलेली असते ना. पाव किलो चिवड्याच्या १२० मधून १२ टक्के टॅक्स काढला तर मूळ किंमत १०७.१४, त्यावर ५ टक्के लावले की ११२.५०. म्हणजे किंमत उतरते सव्वासहा टक्के, सात नाही. ११३ केलं असतं तर पन्नास पैसे आमच्या खिशात गेले असते, म्हणून ११२ धरलं. अर्धा किलो २४० चं बरोब्बर २२५ झालं, तिथे काही डोकं लावावं लागलं नाही.

खरा त्रास दहा रुपयांच्या लहान पाकिटात. हिशोबाने ९.३७. ते पाकीट चहाच्या टपऱ्यांवर जातं, तिथे एक रुपया परत द्यायला कुणाकडे सुट्टे नसतात. म्हणून ठरवलं की किंमत दहाच ठेवायची आणि ४० ग्रॅमचं ४३ ग्रॅम करायचं. पण वजन छापलेलं असतं, त्यामुळे नवीन रोल येईपर्यंत जुना माल ९ ला विकला. टपरीवाले वैतागले, साहजिक आहे.

स्टिकर लावताना जुनी एमआरपी झाकायची नाही, ती दिसली पाहिजे. आमच्या पोराने पहिली पन्नासेक पाकिटं बरोब्बर जुन्या किमतीवरच चिकटवून ठेवली, ती सगळी सोलून परत खाली लावली. आणि ते बरंच झालं म्हणा, कारण गिऱ्हाईक दोन्ही आकडे बघतं आणि काही विचारतच नाही.

आता २२ तारखेची, सोमवारची सकाळ. घाईत मी बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये टॅक्स १२ चा ५ केला आणि स्वतःवर खूष झालो. पहिलं बिल आमच्या रोजच्या एका काकूंचं, चिवडा १२०. काकू म्हणाल्या, "अरे, पाकिटावर तर ११२ लिहिलंय." झालं काय, तर विक्रीची किंमत टॅक्ससकट भरलेली असल्यामुळे टॅक्स बदलला तरी एकूण १२० च राहिले आणि मूळ किंमत आपोआप १०७ ची ११४ झाली. वरून बिल अगदी बरोबर दिसतं, हेच वाईट. टॅक्स आणि विक्री किंमत दोन्ही बदलावे लागतात, आणि दुकान उघडायच्या आधी प्रत्येक साइजचं एक बिल मारून स्टिकरशी ताडून बघावं, ते मी केलं नव्हतं.

आणि मग तो प्रश्न, जो दिवाळीपर्यंत रोज ऐकला. "सुट्टा चिवडा का नाही उतरला?" कारण समोर तोलून दिलेल्या सुट्ट्या मालावर आधीपासूनच ५ टक्के होता! मिठाईवरही ५ च. बारा होता तो फक्त लेबल लावलेल्या पाकिटावर. पण हे काउंटरला गर्दीत कोण समजावणार, आणि "सरकारने कमी केलं, तुम्ही खाल्लं" असं तोंडावर ऐकून घ्यावं लागतं. शेवटी मी पुठ्ठ्यावर मार्करने लिहून सुट्ट्या बरण्यांच्या वर लावलं: "पाकिटावर टॅक्स आधी १२, आता ५. सुट्ट्यावर आधीही ५, आताही ५." टक्केवारीचं लांबलचक पत्रक आधी लावलं होतं, ते कुणी वाचलं नाही, हे दोन ओळींचं वाचलं.

दिवाळीच्या ऑर्डरी आम्ही सप्टेंबरच्या सुरुवातीलाच घेतो, थोडा ॲडव्हान्स घेऊन. माल २२ नंतर जाणार, म्हणजे बिल नव्या दराने. एका ऑफिसची चाळीस पाकिटं ४८०० ची ठरली होती, ती ४४८० झाली. मी वहीतल्या सगळ्यांना स्वतःच फोन केले, कारण त्यांनी नंतर दुसऱ्याकडून ऐकलं असतं तर प्रश्न वेगळ्या आवाजात आला असता. बहुतेकांनी उरलेल्या पैशांची चकली वाढवून घेतली. काकूंना मात्र त्या सकाळचे आठ रुपये परत दिले तर म्हणाल्या, "राहू दे, शेव घाल त्याची." आठ रुपयांची शेव तोलायची म्हणजे पण एक काम, मूठभरच घातली.