हे नाच कसलं?

शनिवार, ५ जुलै. रात्रीचे पावणेबारा.

सकाळी सईच्या क्लासचा मेसेज वाचायला शुभानं माझा फोन घेतला होता. ती वाचत असतानाच वरून दुसरा मेसेज उतरला. NACH, मग आकडा, मग खातं नंबर. तिनं तो मोठ्यानं वाचला. "अहो, हे नाच कसलं? आठ हजार तीनशे एकोणपन्नास म्हणे, कर्जाचा हप्ता. आपण कुठे कर्ज काढलंय! असलेच मेसेज पाठवून लुबाडतात. परवा शाळेत पोलीस येऊन सांगून गेले." आणि पुसून टाकला. वर मलाच बजावलं, "लिंकबिंक दाबू नका कुठली."

मी म्हणालो, "बरं."

एवढंच झालं. तिनं संशय घेतला असता तर मी काहीतरी ठोकून दिलं असतं, एकोणीस महिन्यांत तेवढी सवय झालीय. तिनं संशय घेतला नाही. बँकेचा खरा मेसेज खोटा ठरवला आणि मला सांभाळून राहायला सांगितलं. आपण कुठे कर्ज काढलंय. 'आपण' म्हणाली.

दिवसभर ते डोक्यात. दुपारी कंपनीत पाळी सुटताना मला स्वतःचीच कीव आली, की एवढं मरमर राबतो, चहाला दहा रुपये घालवताना विचार करतो, आणि माझ्या मनाचं कोणाला काही आहे का. मग लक्षात आलं, कोणाला असणार? कोणाला सांगितलंय?

म्हणून हे पत्र. दोन फाडली. पहिल्यात दादाबद्दलच दीड पान झालं होतं. दुसऱ्यात माफी इतकी होती की आकडे राहूनच गेले. हे तिसरं, आधी इथे वहीत लिहितोय.

*

शुभा,

सकाळचा मेसेज खरा होता. NACH म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची बँकेची सोय. कर्ज आपण नाही, मी काढलंय.

डिसेंबर २०२३ मध्ये मी तीन लाखांचं वैयक्तिक कर्ज घेतलं. १५ टक्के व्याज, ४८ हप्ते, दर महिन्याच्या ५ तारखेला ८,३४९. पैसे दादाच्या गाळ्यात गेले. दादाचं तुला सगळं माहीत आहे, ते परत लिहीत नाही. आज एकोणिसावा हप्ता गेला. अजून २,०२,००० बाकी आहेत.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. माझ्याकडे क्रेडिट कार्ड आहे आणि त्यावर ८४,००० थकलेत. मागच्या वर्षी मार्चमध्ये खात्यात पैसे कमी पडले आणि हप्ता परत गेला. बँकेनं ५९० कापले, कर्ज देणाऱ्यानंही ५९० लावले. पुन्हा तसं नको म्हणून पगार खात्यात राखून ठेवायचा आणि किराणा कार्डावर घ्यायचा, असं मी सुरू केलं. मला वाटायचं कार्डावर पंचेचाळीस दिवस बिनव्याजी मिळतात. मिळतात, पण मागचं बिल पूर्ण भरलेलं असेल तरच. थोडं जरी मागे राहिलं तर नव्या खरेदीवर त्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणजे मी तेल आणि तूरडाळही व्याजानं आणत होतो.

बिलावर 'किमान भरणा' म्हणून एक आकडा असतो, माझा ४,२०० च्या आसपास. तो भरला की फोन येत नाहीत, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं. मे महिन्यात पहिल्यांदा बिल नीट वाचलं. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे २,९४०. त्यावर जीएसटी ५२९. मी भरलेल्या ४,२०० पैकी मूळ रकमेतून कमी झाले ७३१ रुपये. त्याच आठवड्यात सईच्या वह्या कार्डावर घेतल्या, ९०० च्या. म्हणजे तेही नाही.

आता जे लिहायला सर्वात जड जातंय ते. ओव्हरटाइम बंद झालेला नाही. कधीच झाला नव्हता. माझ्या हातात ५२,००० च्या वर येतात आणि तुला मी ४० सांगतो. मधले साडेबारा हजार हे असे जातात.

(इथे थांबलो होतो. ओव्हरटाइम बंद झाला म्हटल्यावर तिनं भांड्यांची बाई सोडली आणि संध्याकाळी चौथीतली पाच पोरं शिकवायला घेतली. मला म्हणाली होती, "तेवढाच तुमच्या डोक्यावरचा भार कमी." हे पत्रात लिहायचं का? तिला माहीतच आहे. मी लिहिलं तर ती माझी शिक्षा म्हणून लिहिल्यासारखं होईल. नको.)

फेडायचं कसं, ते मी असं मांडलंय.

आधी कार्ड. आमच्या कंपनीच्या पगारदार पतसंस्थेत मी सभासद आहे. तिथे ११ टक्क्यांनी कर्ज मिळतं. ८४,००० चोवीस महिन्यांसाठी घेतले तर हप्ता ३,९१५ बसतो आणि तो पगारातूनच कापला जातो. नीट बघ, मी आज कार्डाला किमान भरतोय त्याहून हा कमी आहे. आणि हा संपतो. ऑगस्टपासून धरलं तर जुलै २०२७ मध्ये संपेल.

मग हे आधीच का नाही केलं? दोन जामीनदार लागतात म्हणून. माझ्यासाठी सही करील असा जो आहे तो पुढच्याच गल्लीत राहतो आणि त्याची बायको तुझ्या भिशीत आहे. तुला कळेल म्हणून मी पतसंस्थेत गेलो नाही. ८४,००० वर तिथलं पहिल्या महिन्याचं व्याज होतं ७७०. कार्डाचं जीएसटी धरून ३,४६९. मधले सत्तावीसशे रुपये महिन्याला मी फक्त तुझ्यापासून लपवायला मोजलेत. वर्षभर थकबाकी थोडीफार एवढीच होती, म्हणजे बत्तीस हजारांच्या वर. दादाला दिलेल्या पैशांचं निदान दादाला काहीतरी झालं. याचं कोणालाच काही झालं नाही.

कार्डाचं बिल पूर्ण भरल्यावरही पुढच्या बिलात थोडी रक्कम येते. बिल निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं व्याज ते. माझ्या अंदाजानं दीड-पावणेदोन हजार येईल. ते भरून मग कार्ड बंद करायचा अर्ज द्यायचा आणि थकबाकी नसल्याचं पत्र घ्यायचं. नुसतं कार्ड कापून फेकलं तर खातं चालूच राहतं, तेव्हा कात्री तू चालव पण पत्र आल्यावर.

मोठं कर्ज जसं आहे तसंच चालू द्यावं असं मला वाटतं. अजून २९ हप्ते. शेवटचा डिसेंबर २०२७ मध्ये, तेव्हा सई बारावीत असेल. आज एकरकमी मिटवलं तर पुढचं सुमारे ४०,००० व्याज वाचेल. माझ्या करारात मुदतीआधी फेडलं तर बाकीवर ४ टक्के आणि जीएसटी लागतो, ते साडेनऊ हजार जातील. तरी तीसेक हजार उरतात. सईच्या नावच्या ठेवीतून हे होऊ शकतं. ठेवीचं व्याज बुडेल ते वजा करूनही कदाचित फायद्याचं ठरेल. पण ते मी सुचवत नाही. त्या ठेवीत तुझ्या आईनं दिलेले पैसे आहेत, आणि हिशेब बरोबर असला तरी तो मी मांडावा असं मला वाटत नाही. तू म्हणालीस तर बसून बघू.

दोन्ही मिळून महिन्याला १२,२६४ जातील. आता १२,५४९ जातात. म्हणजे घरात एक पैसाही कमी येणार नाही, उलट २८५ जास्त. तुझे दागिने यात कुठेही नाहीत.

सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. मी काढून ठेवलाय, कपाटात माझ्या स्वेटरखाली आहे. माझ्या नावावर कुठलं कर्ज आहे, कोणता हप्ता किती उशिरा गेला, सगळं त्यात दिसतं. माझ्या शब्दावर जाऊ नकोस, तो वाच. फक्त हातउसने त्यात येत नाहीत, म्हणून ते इथे लिहितो. बापूकडून १५,००० घेतलेत. दिवाळीच्या बोनसमधून द्यायचेत. त्याव्यतिरिक्त कोणाचे काही नाही.

यात बिघडू शकतं ते एकच. ऑर्डरी कमी झाल्यात आणि ओव्हरटाइम खरंच बंद होईल अशी कुजबुज आहे. तसं झालं तर ४० मधून १२ जातील.

*

साडेबारा.

शेवटचं वाक्य लिहून मला हसू आलं. एकोणीस महिने ज्या थापेवर घर चालवलं ती आता खरी व्हायला निघालीय. उद्या मी घरी येऊन सांगितलं की ओव्हरटाइम बंद झाला, तर ती म्हणेल, तो तर कधीच बंद झाला ना. आणि माझ्याकडे उत्तर नसेल.

घाबरतोय ते ती रागावेल याला नाही. रागावलेलीच बरी. सकाळसारखी म्हणाली, "बरं झालं सांगितलंत," तर? किंवा आधी आकडेच विचारले तर? ती विचारील. भिशीचा हिशेब तीन वर्षं तिच्याकडे आहे, एका रुपयाचा घोळ नाही. हे आकडे मी महिनाभर जुळवतोय, ती पेन्सिल घेऊन दहा मिनिटांत त्यातली चूक काढील. पतसंस्थेच्या हप्त्यात शेअर्सचे पैसे धरलेत का, असं काहीतरी. नाही धरलेत. आत्ता सुचलं.

आणि तरी राहून राहून तेच. आपण कुठे कर्ज काढलंय. इतक्या सहज म्हणाली, साबुदाणा निवडता निवडता, जसं 'आपल्याकडे कुठे हत्ती आहे' म्हणावं.

उद्या एकादशी. साबुदाणा तिनं रात्रीच भिजत घातलाय, म्हणजे तो डबा आता उघडणार नाही. भगरीचा उघडेल. पत्र तिथे ठेवायचं ठरवलं होतं. पण सकाळी सकाळी, उपाशीपोटी, हातात भगरीचा डबा आणि आत हे? पळवाट वाटली. माझ्याच हातानं द्यावं, चहा झाल्यावर.

वहीतून पांढऱ्या कागदावर उतरवून झालं. शेवटी सही केली आणि पाहिलं तर माझं, वडिलांचं, आडनाव, असं पूर्ण नाव लिहून खाली दोन रेघा ओढल्यात. कर्जाच्या अर्जावर सोळा ठिकाणी केली होती, हुबेहूब तशी. ती खोडून खाली नुसतं नाव लिहिलं. खाडाखोड दिसतेय. असू दे.

आतून आवाज आला, "लाइट घालवा की आता."