डायरीची टाइप प्रत मुळाशी ताडताना

परभणीकडच्या एका शेतकरी घरातली फसली १३५५ सालची, म्हणजे १९४५-४६ ची डायरी टाइप होऊन आली आणि ती मूळ वहीशी ताडायचं काम मी केलं. टाइप करणाऱ्याला आधीच सांगितलं होतं, की मुळातली ओळ जिथे मोडते तिथेच मोड आणि वहीचा पान क्रमांक वर लिही. त्यामुळे प्रत्येक पानाच्या ओळी मोजून गळालेली ओळ सापडते. एका पानावर वहीत २४ ओळी होत्या, टाइप प्रतीत २३.

शोधलं तर लागोपाठच्या दोन ओळी अशा होत्या: ‘ज्वारी २॥ मण परभणीस रवाना केली’ आणि ‘तूर १। मण जिंतुरास रवाना केली’. दोन्हींचा शेवट सारखा. टाइप करणाऱ्याची नजर वहीकडे परतली ती थेट दुसऱ्या ओळीच्या शेवटावर, म्हणून तूर गेली. मजकूर मात्र अखंड वाटतो, नुसत्या टाइप प्रतीच्या वाचनात हे कधीच कळलं नसतं.

उरलेली ज्वारीची ओळही बिघडलेली होती. ‘रवाना’चा ‘र’ आणि ‘वा’ चिकटून ‘खाना’ झालं होतं, आणि ‘२॥’ चं ‘२११’. जुन्या लिखाणात अंकापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. त्या रेघांना १ चा आकडा समजलं, की अडीच मणाचे दोनशे अकरा होतात.

याहून घातक चुका त्या, ज्या शुद्ध मराठी वाटतात. ‘५ शहरेवर’ चं ‘५ शहरावर’ झालं होतं. शहरेवर हा फसली सालातला, आजूर या पहिल्या महिन्यापासून दहावा, पावसाळ्यात येणारा महिना. पुढच्या नोंदीत पेरणी होती, म्हणून लक्षात आलं. ‘मजुरी हाली रु. १५’ चं ‘हल्ली रु. १५’ झालं. हाली म्हणजे निजामी सिक्का; सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, त्यामुळे हे पंधरा रुपये कलदारात तेरालाही भरत नाहीत. शब्द बदलला की नाणंच बदलतं.

म्हणून मी दोन फेऱ्या करतो. पहिलीत दुसरं माणूस वही मोठ्याने वाचतं, ओळीखाली कोरा कागद धरून, आणि मी टाइप प्रतीवर बोट ठेवतो. वाचणाऱ्याने वहीच वाचायची. टाइप प्रत वाचली तर ऐकणारा तीच चूक वहीत पाहतो. कानाला ह्रस्व-दीर्घ कळत नाहीत, आणि वाचणाराच १ ला ९, घ ला ध किंवा भ ला म वाचून गेला तर तेही कानाला कळत नाही. ते दुसऱ्या फेरीत एकट्याने डोळ्यांनी, आकडे तर फक्त आकडे म्हणून.

वहीतलं ‘पाउस’ मी ‘पाऊस’ करत नाही. ती लिहिणाऱ्याची तऱ्हा आहे. अक्षर लागलं नाही तर चौकटी कंसात प्रश्नचिन्ह ठेवतो, अंदाज लिहीत नाही.