नफा चौतीस लाख आणि चांदी साडेआठ किलो कमी

सप्टेंबर म्हणजे आमच्या ऑफिसात टॅक्स ऑडिटची गर्दी, कोणाचं स्टॉक स्टेटमेंट नाही, कोणाचं बँकेचं मेल आलेलं नाही, आणि त्यात कोल्हापूरजवळच्या हुपरीची एक पार्टी सहीसाठी आली. दोघे सख्खे भाऊ, पार्टनरशिप फर्म, चांदीची पैंजणं बनवून विकायचा धंदा. ओळख कळू नये म्हणून आकडे बदललेत आणि गोल केलेत, पण गणित तेच आहे.

ताळेबंद समोर ठेवला. 2024-25 चा नफा 34 लाख. धाकट्याचा चेहरा उजळला, त्याला इकडं कोल्हापुरात राजारामपुरीत फ्लॅट घ्यायचा होता. थोरले मात्र गप्पच. त्यांनी पिशवीतनं एक लांबट वही काढली आणि म्हणाले, "साहेब, तुमचा नफा असंल चौतीस लाख. पण गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी मी चांदी मोजली, साडेआठ किलो कमी हाय. मग नफा झाला कुठं?"

धाकटा वैतागला, "दादा, ऑडिट झालंय, साहेब सही करालेत, आणि तू वहीत वजनं लिहीत बसलायस."

खरं सांगतो, ती वही मला आमच्या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त आवडली. थोरले सगळं फाईनमध्ये, शुद्ध चांदीच्या वजनात लिहितात. म्हणजे दहा किलो पैंजण सत्तर टंचाचं, शंभरात सत्तर भाग चांदीचं असेल तर वहीत सात किलो, आटणीतली घट वेगळी, कारागिराकडं गेलेली चांदी वेगळी. रुपये कुठंच नाहीत. आमच्याकडची पोरं असल्या वहीला कच्चा हिशोब म्हणून बाजूला सारतात, हे मला मुळीच पटत नाही, कारण ऑडिटच्या 3सीडी फॉर्ममध्ये कलम 35 ला हेच मागतात, सुरुवातीचा माल किती, घेतला किती, विकला किती, घट किती, उरला किती, तेही वजनात. भरतात सगळे, वाचत कोणी नाही. मी ते पान काढलं आणि वहीशी जुळवलं, तर जुळलं.

मग दोघांना कागदावर मांडून दाखवलं. एप्रिल 2024 ला फर्मकडं 100 किलो फाईन चांदी, भाव किलोला 75 हजाराच्या आसपास, म्हणजे भांडवल 75 लाख. कर्ज नाही. मार्च 2025 अखेर भाव लाखाच्या घरात. वर्षभर माल विकला, विकला तेवढी चांदी लगेच परत भरली, हा तिथला नेमच आहे, चांदी नसली की कारागीर दुसऱ्याकडं जातो. कारागिरांची मजुरी, गॅस, लाईटबिल सगळं जाऊन घडणावळीत सुटले 9 लाख. म्हणजे टॅक्स आणि घरखर्चाआधी हातात 100 किलो चांदी आणि 9 लाख रोकड. मार्चच्या भावानं ते झाले 109 लाख. त्यातनं सुरुवातीचे 75 वजा केले की 34. पुस्तकातला नफा हाच.

आता यातले 25 लाख कुठनं आले बघा. एक किलो 75 हजाराला घेतलेली, विकताना भाव 80 हजार. पुस्तकात खर्च लागतो जुना 75, म्हणून मजुरी सोडूनच 5 हजार नफा दिसतो. पण त्याच दिवशी बदली किलो घ्यायला 80 हजार मोजावे लागतात, ते 5 हजार तिथंच परत गेले. हे वर्षभर प्रत्येक फेरीला होत राहतं, आणि शेवटी त्याच 100 किलोवर 25 लाख नफा लिहिला जातो. ते काही चोरलेले नाहीत, खोटेही नाहीत, पण ते चांदीतच अडकलेत, वाटायला हातात येत नाहीत.

टॅक्सवाल्याला मात्र हे दोन भाग दिसत नाहीत. फर्मचा दर सेससकट 31.2 टक्के, 34 लाखावर झाले 10.6 लाख. घडणावळीची कमाई 9 आणि टॅक्स 10.6! वर दोन्ही घरांची वर्षाची उचल 7 लाख. एकूण 17.6 लाख जायचे आणि रोकड फक्त 9, म्हणून बाकीच्या 8.6 लाखासाठी चांदी मोडली. लाखाच्या भावानं 8.6 किलो, म्हणजे ढोबळ साडेआठ. वही बरोबर, आणि ताळेबंदही बरोबर, कारण त्यात भांडवल 75 वरनं 91.4 लाख झालेलं दिसतं.

धाकट्यानं विचारलं, मग स्टॉकची किंमत धरायची पद्धत बदला की. बदलून काय होणार? स्टॉकच्या सुधारित स्टँडर्डनं, एएस 2 नं, 1999 पासून लिफो आणि ठरावीक माल कायम जुन्याच भावानं धरायची बेस स्टॉक पद्धत दोन्ही काढून टाकले. लिफोत आधी ताजी खरेदी खर्चाला लागते म्हणून असा नफा बराच कमी दिसायचा. आता फिफो, म्हणजे जुनी खरेदी आधी खर्चाला, नाहीतर वेटेड अ‍ॅव्हरेज, इन्कम टॅक्सलाही तेच. अ‍ॅव्हरेजनं फुगवटा थोडा पुढं ढकलला जातो एवढंच. ब्रिटनमध्ये 1980 ला मोठ्या कंपन्यांसाठी स्टँडर्ड आणलेलं, विकलेल्या मालाचा खर्च आजच्या भावानं धरून नफा दाखवायचा, पण 1988 ला तेही मागं घेतलं. आपल्या सीएंच्या इन्स्टिट्यूटनं 1982 ला गाईडन्स नोट काढलेली बदलत्या किमतींच्या हिशोबावर, सक्ती नव्हती म्हणून माझ्या पाहण्यात तरी कोणी वापरली नाही. आमच्या लोकांना फॉर्म भरायची घाई, बाकी कोणाला पडलंय.

पण थोरल्यांनाही मी पूर्ण होकार दिला नाही. त्या वर्षी देशातली सर्वसाधारण महागाई सरासरी 4.6 टक्के होती. 75 लाखाची खरेदीची ताकद टिकवायला 78.45 लाख पुरेत, आणि यांच्याकडं 91.4 आहेत. म्हणजे उद्या धंदा बंद करून चांदी विकली तर हे दोघे खरोखर तेरा लाखानं श्रीमंत झालेत. चांदी महागाईच्या कितीतरी पुढं पळाली. पण पुढच्या वर्षी तेवढीच पैंजणं बनवायची असतील तर फर्म लहान झालीय. चांदी विकायची की धंदा चालवायचा, यावर नफ्याचा आकडा ठरतो, आणि पुस्तकातला 34 या दोन्हीतला कुठलाच नाही.

शेवटी ठरलं असं. ऑडिट आणि रिटर्न कायद्यानं जसं हवं तसंच. पण दोघांच्या भांडवल खात्यात 25 लाखाची नोंद वेगळी करायची, नाव "चांदी भाववाढ राखीव", आणि उचल फक्त घडणावळीच्या कमाईतनं टॅक्स वजा करून. यंदा ते उणे 1.6 लाख येतं, म्हणून 7 लाखाची उचल म्हणजे चांदीच खाल्ली हे धाकट्याला दिसलं. फ्लॅटचं तो काही बोलला नाही. भाव पडला तर उलटं होणार, पुस्तकात तोटा दिसेल आणि चांदी तेवढीच असेल, तेव्हा राखीवातनं भरायचं, हेही लिहून घेतलं.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. धाकटा फर्ममधनं बाहेर पडायचं म्हणाला तर ते राखीव त्याचंही आहे, निम्मं. थोरले म्हणतात निम्मी चांदीच तोलून देतो, रुपयाचं भांडण नको. कल्पना मला पटली, पण भागीदार निघताना माल त्याला दिला तर बाजारभावानं विकला असं धरून फर्मला परत टॅक्स लागतो, आणि तो भरायला उरलेल्या निम्म्यातनं आणखी चांदी मोडावी लागेल. भागीदारीच्या डीडमध्ये हे कलम कसं लिहायचं त्याचा मसुदा अजून माझ्या टेबलावर आहे, आणि तेवढ्यात भाव आणखी वर गेलाय.