तुम्ही विचारलंत म्हणून: अर्जंट असेल तर फोन

"तुमच्या टीमचा ग्रुप रात्री एवढा शांत कसा? आणि खरंच काही अर्जंट आलं तर तुम्हाला कळतं कसं?"

आधी अजिबात शांत नव्हता हो. आम्ही आठ जण, दूध संकलन केंद्रांचं सॉफ्टवेअर सांभाळतो. शेतकरी दूध घालतो, फॅट-एसएनएफ मोजलं जातं, दरपत्रकाप्रमाणे पावती निघते, बस एवढंच काम, पण ते सकाळी सहाच्या आत चालू पाहिजे म्हणजे पाहिजे.

एकदा रात्री पावणेबाराला आमच्या फील्डवरच्या पोराने व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, "उद्या सकाळपासून नवीन दर, चार्ट चढलेला दिसत नाहीये." नेमका त्याच दिवशी एकाचा वाढदिवस, वर केकचे फोटो, खाली केकचे फोटो, आणि हा मेसेज मधे. तिघांनी पाहिला पण. प्रत्येकाला वाटलं दुसरा बघेल. सकाळी सगळ्या केंद्रांवर जुन्या दराच्या पावत्या निघाल्या, पुढचे दोन दिवस आम्ही फरकाच्या नोंदी करत बसलो आणि वर शेतकऱ्यांच्या शिव्या, त्याही रास्त.

त्यानंतर आम्ही बसलो आणि मागच्या महिन्यातले ज्यांच्यावर 'अर्जंट' लिहिलं होतं ते सगळे मेसेज काढले. बहुतेक होते "रिपोर्ट पाठवा", "साहेब विचारतायत", असले. आणि त्या दराच्या मेसेजवर अर्जंट हा शब्दच नव्हता! म्हणजे शब्दावर काही ठरत नाही, आणि कोण विचारतंय यावर तर नाहीच नाही.

मग दोन प्रश्न ठरवले. पुढच्या संकलनाच्या आत हे नाही झालं तर पावत्या अडतील किंवा चुकतील का? आणि आत्ता उठवलं तर तो माणूस खरंच काही करू शकेल का? दोन्हीला हो, तरच अर्जंट. गंमत म्हणजे तोच बिघाड वेळेप्रमाणे बदलतो. सकाळचं संकलन आटपल्यावर दहा वाजता सर्व्हर मंद झाला तर संध्याकाळपर्यंत वेळ आहे, पहाटे साडेचारला झाला तर उठवा. दहा दिवसांचं दूधबिल काढायच्या दिवशी मात्र दहा वाजताचा पण अर्जंटच.

अर्जंट म्हणजे फक्त फोन. मेसेज टाकून जबाबदारी संपत नाही, पलीकडून माणूस "हो, बघतो" म्हणाला की संपते. निळ्या टिका म्हणजे उत्तर नव्हे. आठवड्याला एकाची पाळी, त्याला फोन, नाही उचलला तर लगेच दुसऱ्यांदा, मग पुढच्याला. दुसऱ्यांदा का, तर फोन डू नॉट डिस्टर्बवर असला तरी रिपीट कॉलची सेटिंग चालू असेल तर आयफोनवर त्याच नंबरचा 3 मिनिटांत आलेला दुसरा कॉल वाजतो, बऱ्याच अँड्रॉइडवर 15 मिनिटांत आलेला. ही सेटिंग आम्ही प्रत्येकाच्या फोनमध्ये समोर बसून तपासली, दोघांची बंद होती.

बाकीचं सोपं आहे. आजच्या आज हवं असेल ते ऑफिसच्या चॅटवर, तीन तासांत उत्तर. डेअरीला लेखी द्यायचं, दरबदल वगैरे, ते ईमेलवर, कारण पुढे वाद झाला तर तेच काढून दाखवायचं असतं. बग असेल तर तिकीट, चॅटवर सांगितलेला बग सांगितला नाही असं धरतो. व्हॉट्सॲप ग्रुप ठेवला, पण तिथे केकच. (नुसतं "हाय" लिहून थांबणाऱ्यांचा इलाज अजून सापडला नाही.)

पहिल्या महिन्यात अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. नवीन पोरं फोनच करेनात, सिनियरला पहाटे कसं उठवायचं म्हणून. मग चुकीच्या फोनबद्दल कोणी बोलायचं नाही असं ठरलं, आणि पाळी असलेल्याला दुसऱ्या दिवशी उशिरा यायची मुभा. आणि दुसरीकडे आमचे सेल्सवाले, त्यांना सगळंच अर्जंट. त्यांना नाही म्हणालो नाही, फक्त म्हटलं फोन करा आणि ते दोन प्रश्न तुम्हीच मोठ्याने वाचा. फोन कमी झाले.

हे दुसऱ्या टीमला जसंच्या तसं चालेल असं नाही. आमच्याकडे 'पुढचं संकलन' अशी रोजची ठरलेली वेळ आहे म्हणून सोपं पडलं, तुमच्याकडे ती कुठली ते आधी शोधावं लागेल, आणि नसेलच तर भांडणं होणार.

मागच्या आठवड्यात पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी फोन आला. एका केंद्रावर पावती निघत नाहीये. उठलो, लॅपटॉप उघडला, दहा मिनिटं शोधलं, तर प्रिंटरमधला कागदाचा रोल संपलेला. पोरगा घाबरत विचारतो, "सर, अर्जंट नव्हतं ना?" म्हटलं पावत्या अडल्या होत्या ना, मग होतं, पण पुढच्या वेळी आधी रोल बघ.