लसीकरण कार्डावरच्या रिकाम्या चौकटी

डिसेंबरभर एकामागून एक लग्नं होती म्हणून बहीण बाळाला घेऊन माहेरी आलेली. कार्ड मात्र सासरी कपाटात. नऊ महिन्यांची लस राहिलीय का, असा विषय निघाला तेव्हा भाऊजींनी कार्डाचा फोटो पाठवला, तिने त्याचा स्क्रीनशॉट काढून मला धाडला आणि खाली लिहिलं, "दादा, यातलं काय काय बाकी आहे ते बघून सांग ना."

तो स्क्रीनशॉट बघून काहीच सांगता येत नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून दोन उड्या मारून आलेलं चित्र, त्यात निळ्या पेनाने घाईत लिहिलेल्या तारखा, आणि उजवीकडचा अर्धा रकाना कापलेला. भाऊजींना मूळ फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगितला. त्याने चित्राचा दर्जा उतरत नाही, अक्षर बरंच सुटतं. आमच्याकडे होतं ते सरकारी माता-बाल संरक्षण कार्ड. खासगी बालरोगतज्ज्ञांचा तक्ता वेगळा असतो. त्यात गोवरासोबत गालगुंडाची लस येते, टायफॉइड, फ्लू येतात. दोन तक्ते एकत्र करून हिशोब मांडला तर निम्म्या लसी उगाच राहिलेल्या दिसतात, म्हणून कार्ड कुठलं ते आधी बघावं.

फोनमध्ये चित्रातला मजकूर उचलायची सोय असते, ती वापरून पाहिली. छापील नावं छान आली, पण तक्ता मोडून आला: आधी सगळी लसींची नावं, मग सगळ्या तारखा, कुठली कुणाची ते गायब. रिकाम्या चौकटीला तर मजकूरच नसतो, त्यामुळे तिच्यानंतरच्या सगळ्या तारखा एकेक घर वर सरकतात. आपल्याला शोधायच्यात नेमक्या त्या चौकटीच, तेव्हा हे कामाचं नव्हतं. हातानेच उतरवलं. वीसेक नोंदी, वेळ तो किती लागणार!

हाताने लिहिलेली तारीख वाचताना एक जुगाड फार उपयोगी पडला. बहिणीच्या सासरच्या उपकेंद्रात लसीकरणाचं सत्र दर बुधवारी असतं. म्हणजे जन्माच्या वेळचे डोस सोडले, तर कार्डावरची प्रत्येक तारीख बुधवार असायला हवी. एक तारीख मला '12/8' वाटत होती. 12 ऑगस्ट 2024 हा सोमवार. '12/6' धरली तर 12 जून, बुधवार. शिवाय तिच्या पुढच्या डोसवर 10 जुलै लिहिलेलं, त्यामुळे ऑगस्ट बसतच नव्हता. सहाचं वरचं टोक वळून मिटलेलं होतं, एवढंच. शीटमध्ये तारखेशेजारी `=TEXT(D2,"dddd")` लिहिलं की वार दिसतो आणि अशी नोंद लगेच डोळ्यात भरते.

तारखा भरण्याआधी गुगल शीटच्या सेटिंग्जमध्ये Locale बघावं. ते United States असेल तर 10/07 चा ती 7 ऑक्टोबर करते आणि 24/04 ला तारीखच मानत नाही, नुसता मजकूर म्हणून डावीकडे चिकटवून ठेवते. खरी तारीख उजवीकडे सरकते. मी सरळ 2024-07-10 अशाच लिहिल्या, म्हणजे तो प्रश्नच नको.

आता मुख्य हिशोब. बाळाचा जन्म 12 मार्च 2024 चा. तक्त्यात सहा, दहा, चौदा आठवडे, मग नऊ महिने पूर्ण, मग सोळा ते चोवीस महिने असे टप्पे आहेत. जन्मतारखेत 42, 70 आणि 98 दिवस मिळवले की 23 एप्रिल, 21 मे आणि 18 जून निघतात. महिन्यांसाठी `EDATE`, त्याने 12 डिसेंबर 2024 येतो. एवढ्यावर थांबलं तर यादी सुबक दिसते, पण चुकीची असते. सहा आठवड्यांचे डोस 24 एप्रिलला झाले. मग मे महिन्यात सगळे गावी गेले आणि दहा आठवड्यांचे डोस थेट 12 जूनला पडले. पेंटा म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस, रोटा म्हणजे जुलाबावरची. पेंटा, रोटा आणि पोलिओच्या दोन डोसांत किमान चार आठवडे जावे लागतात. म्हणजे तिसरा डोस 18 जूनला घेता आलाच नसता, 10 जुलैच्या आधी नाहीच. कार्डावर तो 10 जुलैलाच दिलेला आहे. उशीर म्हणून त्यावर खूण करायचं कारण नाही, सिस्टरनी अगदी अचूक दिवस धरलाय. म्हणून जन्माचा हिशोब आणि मागच्या डोसाचा हिशोब यांतली नंतरची तारीख घ्यायची:

```
=MAX($H$1+98, D9+28)
```

H1 मध्ये जन्मतारीख, D9 मध्ये दुसरा पेंटा प्रत्यक्ष दिल्याची तारीख. न्यूमोनियाच्या लसीला, म्हणजे पीसीव्हीला, 28 च्या जागी 56 दिवस. आणि डोस कितीही उशिरा झाला तरी पहिल्यापासून सुरुवात करायची नसते, जिथे थांबलं तिथून पुढे जायचं.

यानंतर रिकाम्या चौकटी. नऊ महिन्यांचे आता द्यायचे आणि त्यापुढचे डोस सोडले तर तीन उरल्या आणि तिघींची गोष्ट वेगवेगळी निघाली.

पहिली, जन्मावेळच्या हिपॅटायटिस-बीची. हा डोस जन्मानंतर 24 तासांच्या आत द्यायचा असतो. तो झाला नाही तर नंतर देत नाहीत. पुढे पेंटाच्या तिन्ही डोसांत हिपॅटायटिस-बी असतंच आणि ते बाळाला मिळालेत. ही चौकट कायम रिकामीच राहणार, तिचं रिमाइंडर लावून उपयोग नाही. दुसरी, जेईची. जपानी मेंदूज्वराची लस ठराविक जिल्ह्यांतच देतात, विदर्भातल्या काही जिल्ह्यांत ती आहे. बहिणीचं सासर त्या यादीत नाही. कार्ड सगळीकडे तेच छापलेलं, म्हणून चौकट आहे. ती ओळ मी शीटमधून काढूनच टाकली.

तिसरी चौकट पीसीव्हीच्या दुसऱ्या डोसाची. त्याच 10 जुलैला तिसरा पेंटा, तिसरा रोटा, तिसरा पोलिओ आणि एफ-आयपीव्हीचा, म्हणजे पोलिओच्या इंजेक्शनचा, दुसरा डोस, सगळ्यांवर तारीख. मधल्या एका चौकटीत काही नाही. एका ओळीतल्या चार भरलेल्या आणि एकच रिकामी असेल तर दोन शक्यता असतात: दिली पण लिहायचं राहिलं, किंवा दिलीच नाही. कार्ड बघून यातलं काय ते ठरत नाही. बहिणीने तिकडच्या आशाताईंना फोन लावला. त्यांनी सिस्टरना रजिस्टर बघायला सांगितलं आणि संध्याकाळी उलट फोन केला, "अगं, त्या दिवशी पीसीव्ही संपली होती. पुढच्या बुधवारी या म्हणून सांगितलेलं, तुम्ही आलाच नाहीत." बहीण म्हणाली, असं कोणी सांगितल्याचं आठवत नाही. असो. डोस राहिला होता हे पक्कं झालं.

या सगळ्यामुळे शेरा देणारं सूत्र थोडं लांबलं. B मध्ये डोस घेता येईल ती सर्वांत लवकरची तारीख, C मध्ये असलीच तर शेवटची मुदत, D मध्ये दिल्याची तारीख:

```
=IF(D2<>"","दिला",
 IF(B2="","आधीचा बाकी",
 IF(AND(C2<>"",TODAY()>C2),"मुदत संपली",
 IF(TODAY()>B2+28,"राहिला",
 IF(TODAY()>=B2,"द्यायचा","वेळ आहे")))))
```

28 दिवसांची सूट माझी मी ठरवली. सत्र आठवड्यातून एकदा, त्यात सण, सर्दी-ताप, प्रवास. दुसऱ्या दिवसापासूनच लाल करत गेलं तर सगळंच लाल होतं आणि मग कुणी बघत नाही. 3 जानेवारीला शीट पुरी झाली तेव्हा गोवर-रुबेलाचा पहिला डोस 'द्यायचा' होता, पीसीव्ही-2 'राहिला', आणि हिपॅटायटिसपुढे 'मुदत संपली'. मी फक्त 'राहिला'ला लाल रंग दिला. त्यामुळे सबंध यादीत एकच ओळ लाल होती.

सूत्रातला 'आधीचा बाकी' हा शेरा पीसीव्हीच्या बूस्टरसाठी. बूस्टर नऊ महिन्यांनंतर आणि दुसऱ्या डोसानंतर किमान आठ आठवड्यांनी. पण दुसऱ्या डोसाची तारीखच रिकामी असेल तर शीट तिला शून्य समजते, शून्यात 56 मिळवते, आणि `MAX` निमूटपणे 12 डिसेंबर देऊन मोकळं होतं. मग दुसरा डोस आणि बूस्टर दोन्ही एकाच बुधवारी देण्याजोगे दिसतात! म्हणून बूस्टरच्या ओळीत आधी तपासणी हवी:

```
=IF(D15="","",MAX(EDATE($H$1,9),D15+56))
```

रिमाइंडर लसीनुसार लावले असते तर फोन दिवसभर वाजत राहिला असता. त्याऐवजी उपकेंद्राच्या फेरीनुसार लावले. `=B2+MOD(4-WEEKDAY(B2),7)` ने त्या तारखेनंतरचा, किंवा त्याच दिवशीचा, बुधवार मिळतो. बहीण मंगळवारी सासरी परतणार होती, म्हणून पहिली फेरी 8 जानेवारी: गोवर-रुबेला, एफ-आयपीव्हीचा तिसरा डोस, पीसीव्ही-2 आणि जीवनसत्त्व अ चा पहिला डोस, तो तोंडाने. तिच्या सासूबाईंना एका दिवशी तीन सुया म्हणजे जरा जास्तच वाटल्या. आशाताईंनी समजावलं की वेगवेगळ्या जागी टोचतात, चालतं, आणि पुढे ढकललं की पुन्हा एखादी राहते. त्या आणखी एक बोलल्या, की गोवराची लस माहेरच्या उपकेंद्रातही मिळाली असती, कुठल्याही सरकारी सत्रात देतात. फक्त कार्ड जवळ हवं होतं.

8 जानेवारीला चारही झालं. D मध्ये तारीख पडल्याबरोबर बूस्टरपुढे 5 मार्च 2025 आला, तोही बुधवार. त्याच्या पुढची फेरी सोळा महिन्यांची: 12 जुलै 2025 शनिवार, म्हणजे सत्र 16 जुलैला. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटीचा पहिला बूस्टर, पोलिओचा बूस्टर आणि जीवनसत्त्व अ. त्यानंतर जीवनसत्त्व अ दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत, आणि डीपीटीचा दुसरा बूस्टर पाच वर्षं पूर्ण झाल्यावर, 12 मार्च 2029 नंतर.

फोनच्या कॅलेंडरमध्ये मात्र मी एका वेळी एकच फेरी टाकतो, दोन सूचनांसह: सोमवारी संध्याकाळी एक, बुधवारी सकाळी एक. शीटमधली तारीख बदलली तरी कॅलेंडरमधली जुनी नोंद तशीच राहते, म्हणून पुढच्या साऱ्या एकदम भरून ठेवण्यात अर्थ नाही. सोमवारची सूचना आशाताईंना "या बुधवारी पीसीव्ही आहे ना?" एवढं विचारण्यासाठी. आणि बहिणीशी ठरलंय, की सिस्टरनी कागदी कार्डावर तारीख लिहिली की तिथेच तिचा फोटो मला पाठवायचा. तो आल्याशिवाय मी D मध्ये काहीही भरत नाही.